मुलाकडे ब्रिटनला जाताना ‘डिपेंडंट’ कोणाला लिहायचं?

मुलाला किंवा मुलीला भेटायला ब्रिटनला निघालेले निवृत्त आईवडील व्हिजिटर व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसले की सुरुवातीची पानं भराभर होतात. नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, लग्न कधी झालं वगैरे. हात अडखळतो तो पैशांच्या पानांवर. तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या कोणी अवलंबून आहे का, असं एका ठिकाणी विचारलेलं असतं. तुमच्या प्रवासाचा खर्च दुसरं कोणी उचलणार आहे का, असं दुसऱ्या ठिकाणी. पहिला प्रश्न डिपेंडंटचा आहे, दुसरा स्पॉन्सरचा. बहुतेक घोळ या दोन जागी होतात, आणि तेही अगदी सरळमार्गी माणसांकडून.

डिपेंडंटचा घोळ आपल्या सवयीतून येतो. मुलगा पुण्याला नोकरीला लागला की कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडिलांची नावं ‘डिपेंडंट’ म्हणून जातात. त्यामुळे साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, की डिपेंडंट म्हणजे आपणच. व्हिसाच्या अर्जातला प्रश्न मात्र उलट्या दिशेने विचारलेला आहे. तुम्ही कोणावर अवलंबून आहात हे तिथे विचारलेलं नाही, तुमच्या पैशावर कोणाचं भागतं हे विचारलेलं आहे. ब्रिटनमधल्या मुलाचं नाव तिथे लिहिण्याचं काही कारण नाही, कारण तो स्वतः कमावतो.

एक घर डोळ्यांसमोर धरू. सांगलीचे काका, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन महिना ४१ हजार. काकू घर सांभाळतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न नाही. मुलगा लीड्सला नोकरी करतो, तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसावर. धाकटी मुलगी २२ वर्षांची, पुण्यात होस्टेलवर राहून एमएस्सी करते. तिची फी आणि मेसचे पैसे काका भरतात. घरात काकांची ८४ वर्षांची आई आहे, तिच्या औषधपाण्याचा खर्चही पेन्शनमधूनच होतो.

काकांच्या अर्जात डिपेंडंट तिघीजणी: बायको, मुलगी आणि आई. मुलगी अठराच्या पुढची आहे म्हणून तिला वगळायचं नाही, कारण वय हा इथला एकमेव निकष नाही. तिचा खर्च कोण करतं हे पाहायचं. आजीला तर बहुतेक लोक विसरतातच. खरं म्हणजे तिचं नाव तिथे असणं काकांच्याच फायद्याचं आहे. ज्याच्या घरी म्हातारी आई आहे, शिकणारी मुलगी आहे, तो माणूस परत येणार हे अधिकाऱ्याला पटायला सोपं जातं. फक्त दोघं परदेशी असताना आजीकडे कोण पाहणार, हे सोबतच्या पत्रात एका वाक्यात लिहावं. नाहीतर तीच गोष्ट शंकेची होते.

काकूंचा अर्ज वेगळा. नवरा-बायकोचा मिळून एक अर्ज नसतो, प्रत्येकाचा स्वतंत्र भरावा लागतो, आणि काकांच्या अर्जाची नक्कल काकूंच्या नावाने केली की उत्तरं चुकतात. काकूंवर आर्थिकदृष्ट्या कोणी अवलंबून नाही, तेव्हा तिथे ‘नाही’. उत्पन्न नाही, तर नाही म्हणायचं. उगाच ‘शिकवण्या घेते’ असं दाखवण्यात अर्थ नसतो. त्यांचा खर्च कोण करणार या प्रश्नाला नवरा आणि मुलगा अशी दोन उत्तरं आहेत, आणि तीच द्यायची.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. अर्जाबरोबर जोडायच्या पत्रात पुष्कळ जण भावनेच्या भरात लिहितात, ‘आम्ही सर्वस्वी मुलावर अवलंबून आहोत, आता तोच आमचा आधार.’ आपल्याकडे हे वाक्य मुलाचं कौतुक असतं. व्हिसा अधिकारी ते वेगळं वाचतो. व्हिजिटर व्हिसाच्या नियमात त्याला मुख्यतः हे तपासायचं असतं, की हा माणूस खरोखर भेटीला येतोय का, मुदत संपायच्या आत परत जाईल का, आणि त्याच्या राहण्या-खाण्याची सोय आहे का. ज्याला गावात उत्पन्न नाही आणि ज्याचा सगळा आधार लीड्सला आहे, तो परत कशासाठी जाईल? एवढा एक प्रश्न अर्ज नामंजूर व्हायला पुरतो.

अवलंबून असणं हीच अट असलेला व्हिसा ब्रिटनमध्ये आहे, पण तो वेगळा. ‘ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह’ या नावाचा तो मार्ग कायम राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. त्याचे नियम २०१२ च्या जुलैपासून फार कडक झाले. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे आंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक अशी रोजची कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत, आणि तशी देखभाल मुलाने पैसे पाठवूनही भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. सांगलीत पगारी बाई ठेवता येते म्हटलं की इथे बाजू लंगडी पडते. शिवाय मुलगा ब्रिटिश नागरिक झालेला किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. निर्वासितांसारखे थोडे अपवाद आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या मुलाला तो दरवाजा उघडत नाही. आणि मुलाने स्वतःच्या व्हिसाबरोबर ‘डिपेंडंट’ म्हणून जे नेले, ती त्याची बायको आणि अठराखालची मुलं. आईवडील त्या व्याख्येत बसत नाहीत. ‘सुनेला डिपेंडंट व्हिसा मिळाला, मग आम्हाला का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

स्पॉन्सर या शब्दाचंही असंच आहे. मुलगा फोनवर सांगतो, ‘मला कंपनीने स्पॉन्सर केलंय.’ तिथे स्पॉन्सर म्हणजे सरकारी परवाना असलेली कंपनी, जी परदेशी माणसाला कामावर घेताना त्याच्यासाठी प्रमाणपत्र देते. हे ऐकलेले वडील मग अर्जात त्या कंपनीचं नाव घालतात. ते चूक आहे. कंपनीने मुलाला नोकरी दिली आहे, काका-काकूंच्या भेटीशी तिचा संबंध नाही. व्हिजिटर व्हिसाला अशा परवान्याचा स्पॉन्सर लागतच नाही. कोणी स्पॉन्सर असायलाच हवा अशी सक्तीही नाही. आपल्या पैशाने जाणाऱ्याने ‘खर्च कोणी देणार आहे का’ याला सरळ ‘नाही’ म्हणावं.

काकांच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आहे, कारण मुलगा दोघांची तिकिटं काढणार आहे आणि ते राहणार त्याच्याच घरी. हो म्हटल्यावर अर्ज विचारतो: पैसे देणारा कोण, किती देणार, आणि का देणार. ‘का’ पाहून लोक गोंधळतात. ‘तो आमचा मुलगा आहे, नातवाला भेटायला त्याने बोलावलं आहे’ इतकं पुरतं. ‘किती’ मात्र विचार करून लिहावं. समजा तिकीट माणशी ८० हजार, तर काकांच्या अर्जात मुलाकडून ८० हजार आणि काकूंच्या अर्जात ८० हजार. दोघांचे मिळून १ लाख ६० हजार दोन्हीकडे लिहिले, तर कागदावर मुलाचा खर्च दुप्पट होतो. तिथला वरखर्च, फिरणं, भेटवस्तू यासाठी काका आपल्या बचतीतून ७० हजार घालणार असतील, तर तो आकडा त्यांच्या स्वतःच्या खर्चाच्या प्रश्नाखाली जातो. खात्यात किमान इतके हवेत असा ठरीव आकडा नियमात नाही. सहा-सात आठवड्यांची भेट, मुलाच्या घरी मुक्काम आणि ४१ हजारांची पेन्शन यांचा मेळ बसला पाहिजे.

मुलाचं पत्र साधं असावं. नातं, पत्ता, कधी ते कधी येणार, घरात जागा किती, तो नेमका कोणता खर्च करणार, आणि त्याचा स्वतःचा तिथला व्हिसा कोणता. त्याबरोबर पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, घरभाड्याचा करार. ‘मी सगळी जबाबदारी घेतो’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘तिकिटं मी काढली आहेत, राहणं-जेवण माझ्याकडे’ हे जास्त उपयोगी. स्टँप पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणायला काही एजंट सांगतात. ते अमेरिकेकडून ऐकलेलं असतं. तिथे ग्रीन कार्डसाठी मुलाला कायद्याने बांधून घेणारं हमीपत्र द्यावं लागतं, पण साध्या भेटीच्या व्हिसाला अमेरिकेतही ते लागत नाही.

एक उद्योग हमखास अंगाशी येतो. ‘खात्यात शिल्लक दिसायला हवी’ म्हणून मुलगा अर्जाच्या आठवडाभर आधी वडिलांच्या खात्यात चार लाख टाकतो. स्टेटमेंटमध्ये महिन्याला ४१ हजार येतात, २४-२५ हजार जातात, आणि अचानक चार लाख उगवतात. अधिकारी हेच शोधत असतो. पैसा खरा असला तरी तो काकांचा आहे असं म्हणता येत नाही, आणि त्या नादात पेन्शनचा नियमित, खराखुरा प्रवाह बाजूला पडतो. ते चार लाख मुलाच्याच खात्यात राहू द्यावेत आणि पैसे देणारा म्हणून त्याचं नाव लिहावं. अर्जात त्यासाठी जागा दिलेलीच आहे. पैसे टाकून झालेच असतील, तर कोणी, का पाठवले ते पत्रात लिहून मुलाच्या खात्याचा उतारा जोडावा.

सुनेच्या बाळंतपणाला जाणाऱ्या काकूंसाठी एक खुलासा. नातवंडाकडे पाहायला आजीने जाणं नियमात बसतं. भेट छोटी असावी आणि ती नोकरीसारखी नसावी, एवढंच. पण मुलाने पत्रात ‘आम्ही दोघं कामावर जाणार, पाळणाघर परवडत नाही म्हणून आईला सहा महिने बोलावतोय’ असं लिहिलं, तर आजीची पाहुणी न राहता दाई होते. पहिले काही आठवडे सुनेला मदत करायला येते, असं खरं कारण असेल तर तेच लिहावं.

पैसे भरण्याआधी सगळी उत्तरं एकत्र वाचता येतात. त्या वेळी दोघांचे अर्ज शेजारी ठेवून प्रवासाच्या तारखा, मुलाचा पत्ता आणि त्याने द्यायची रक्कम जुळते का पाहावं. अर्ज एकदा सादर झाला की आत शिरून आकडा बदलता येत नाही. व्हिसा नाकारला गेला, तर भेटीच्या व्हिसावर सहसा अपील नसतं. नाकारण्याचं कारण पत्रात दिलेलं असतं, ते दुरुस्त करून नव्याने फी भरून पुन्हा अर्ज करायचा. त्या पुढच्या अर्जात ‘याआधी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का’ असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’च लिहायचं, कारण नकार लपवला आणि ती फसवणूक ठरली, तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही.