०३/०४/२०२५ : तीन एप्रिल की चार मार्च?

परदेशी पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर ०३/०४/२०२५ असे छापलेले असेल, तर ती तारीख दोन प्रकारे वाचता येते. भारत, ब्रिटन आणि युरोपातील बहुतेक देशांत आधी दिवस लिहितात, म्हणजे ही ३ एप्रिल. अमेरिकेत आधी महिना लिहितात, म्हणजे ही ४ मार्च. चीन, जपान, कोरिया, हंगेरी या देशांत वर्ष आधी येते. त्यांचा फारसा त्रास होत नाही, कारण चार आकडी वर्ष सुरुवातीला असले की त्यानंतर महिना आणि शेवटी दिवस हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. गोंधळ पहिल्या दोन पद्धतींचा आहे. कॅनडात तर या दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी वापरात आहेत.

हा गोंधळ प्रत्येक तारखेला होत नाही. दिवस १२ च्या पुढचा असेल, तर तेरावा महिना नसल्यामुळे क्रम आपोआप उघड होतो. दिवस आणि महिना एकच असेल, उदाहरणार्थ ०५/०५, तर कसेही वाचले तरी तारीख तीच राहते. या दोन्ही प्रकारच्या तारखा वजा केल्या, की वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस खरोखर संदिग्ध उरतात. म्हणजे शंभरातल्या साधारण ३६ तारखांचे वाचन निव्वळ आकड्यांवरून ठरवता येत नाही.

इनव्हॉइसवरून तारीख उचलणाऱ्या प्रणालींत सर्वांत घातक चूक इथेच होते. पायथॉन भाषेत तारखा वाचण्यासाठी `dateutil` नावाचे साधन सर्रास वापरले जाते. वेगळी सूचना दिली नाही, तर ते महिना आधी आहे असे धरते. १२/०३/२०२५ ची ते ३ डिसेंबर करते. पण १३/०३/२०२५ समोर आली, की तेरावा महिना असू शकत नाही हे ओळखून निमूटपणे क्रम उलटवते आणि १३ मार्च असे उत्तर देते. `dayfirst=True` अशी सूचना दिल्यावरही दुसऱ्या बाजूने हीच तडजोड होते. एकाच पुरवठादाराची, एकाच नमुन्याची दोन बिले दोन नियमांनी वाचली जातात आणि कुठेही इशारा मिळत नाही. एक्सेलमध्ये निदान खूण तरी दिसते. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर सीएसव्ही फाइल उघडताना १२/०३/२०२५ ची तारीख बनून उजवीकडे सरकते, आणि १३/०३/२०२५ साधा मजकूर म्हणून डावीकडेच राहते. एका स्तंभातल्या तारखा अशा दोन बाजूंना विखुरलेल्या दिसल्या, की उजवीकडच्या तारखांवरही विश्वास ठेवू नये.

भारतीय हिशेबात मार्च आणि एप्रिलची अदलाबदल विशेष महागात पडते, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. पुण्यातली एखादी यंत्रे बनवणारी कंपनी अमेरिकेतून सुटे भाग मागवते असे धरू. बिलावर तारीख ०३/०४/२०२५, देय तारीख ०४/०३/२०२५ आणि पैसे देण्याची मुदत ३० दिवस अशी आहे. भारतीय सवयीने हे बिल ३ एप्रिलचे म्हणून नोंदले, तर ते २०२४-२५ ऐवजी २०२५-२६ च्या पुस्तकात जाते. मुदत त्या तारखेपासून मोजली, तर पैसे ३ मेपर्यंत द्यायचे असे दिसते आणि पुरवठादाराला ते महिनाभर उशिरा मिळतात.

या बिलाचे उत्तर मात्र त्याच कागदावर आहे. दिवस आधी धरला, तर बिल ३ एप्रिलचे आणि देय तारीख ४ मार्च. बिल निघण्याच्या आधीच पैसे द्यायचे, असे होऊ शकत नाही. महिना आधी धरला, तर बिल ४ मार्चचे आणि देय तारीख ३ एप्रिल. ४ मार्चपासून ३० दिवस मोजले, की बरोबर ३ एप्रिल येते. दोन वाचनांपैकी एकच गणितात बसते, म्हणून प्रश्न मिटतो. हेच बिल ब्रिटनमधून आले असते, तर देय तारीख ०३/०५/२०२५ छापलेली असती आणि दिवस आधी धरूनच ३० दिवसांचा हिशेब जुळला असता.

मुदतीची ही पडताळणी सर्वांत भरवशाची आहे, कारण तिला देश, भाषा किंवा सवय यांविषयी काहीही गृहीत धरावे लागत नाही. मुदत छापलेली नसेल, तर त्याच कागदावरच्या इतर तारखा पाहाव्यात. माल पाठवल्याची तारीख ०२/२८/२०२५ असेल, तर त्या एका २८ मुळे सगळ्या कागदाचा क्रम ठरतो. तेही नसेल, तर त्याच पुरवठादाराची जुनी बिले काढावीत. त्यांत १२ च्या पुढचा आकडा कोणत्या जागी येतो, ते बघावे. बिल क्रमांकही मदत करतात. ११८७ क्रमांकाचे बिल २८ फेब्रुवारीचे आणि १२०३ चे १३ मार्चचे हे नक्की माहीत असेल, तर ११९५ क्रमांकाचे बिल ३ एप्रिलचे असण्याची शक्यता फार कमी. बिल आपल्याकडे ६ मार्चला पोहोचले असेल, तर एप्रिलचे वाचन जवळपास बादच होते. मात्र हा पुरावा एका बाजूनेच चालतो: बिल १० एप्रिलला हाती आले, तर दोन्ही तारखा शक्य राहतात.

पत्त्यातला देश हा यांतला सर्वांत कच्चा पुरावा, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच सर्वांत आधी वापरला जातो. अमेरिकी कंपनीची जर्मनीतली शाखा मुख्यालयाच्या सॉफ्टवेअरमधून बिल काढत असेल, तर पत्ता श्टुटगार्टचा आणि क्रम अमेरिकी असू शकतो. आकड्यांमध्ये तिरक्या रेघेऐवजी टिंबे असतील, तर दिवस आधी असण्याकडे कल धरता येतो, पण तोही कलच.

चुका खातेवहीत शिरल्या असतील, तर त्या एका ठरावीक आकारात दिसतात. दर महिन्याच्या ५ तारखेला बिल पाठवणाऱ्या पुरवठादाराच्या तारखा ०५/०१, ०५/०२, ०५/०३ अशा येतात. उलट वाचल्या, की त्या १ मे, २ मे, ३ मे होतात. वर्षभराची बारा बिले मे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत गोळा झालेली दिसली, तर दुसरे स्पष्टीकरण शोधण्याची गरज नाही.

दुरुस्ती शक्य व्हावी, म्हणून छापलेली तारीख जशीच्या तशी जपणे आवश्यक असते. वाचणाऱ्या प्रणालीकडून थेट २०२५-०३-०४ असे तयार उत्तर घेतले आणि मूळ आकडे टाकून दिले, तर निर्णय चुकला का हे नंतर तपासायला काहीच उरत नाही. म्हणून तीन गोष्टी शेजारी-शेजारी नोंदवाव्यात: छापलेला मजकूर, त्यावरून ठरवलेली तारीख आणि ती कशावरून ठरवली. कोणताच पुरावा निर्णायक नसेल, तर तारखेचा रकाना रिकामा ठेवून बिल माणसाकडे पाठवणे योग्य.

संरचित ई-इनव्हॉइसमध्ये क्रम मानकातच ठरलेला असतो. युरोपात वापरल्या जाणाऱ्या यूबीएल नमुन्यात तो वर्ष, महिना, दिवस असा आहे, तर भारताच्या जीएसटी ई-इनव्हॉइसमध्ये दिवस, महिना, वर्ष असा. दोन्ही फाइली एकाच वाचकाने एकाच नियमाने वाचू नयेत, इतकीच तिथे काळजी. कागदी आणि पीडीएफ बिलांसाठी पुरवठादारागणिक नियम ठरवावा लागतो आणि तो कायमचा धरता येत नाही. पुरवठादाराने बिलाचे सॉफ्टवेअर बदलले, की पूर्वसूचनेशिवाय क्रम बदलू शकतो. म्हणून मुदतीचे गणित प्रत्येक नव्या बिलावर करून पाहावे लागते, आणि ते ज्या बिलावर जुळणार नाही तिथे जुना नियम थांबवून पुरवठादारालाच विचारावे लागते.