पत्रकातली गर्दी मजकुराची नसते

उन्हाळी चित्रकला शिबिराचं एक ए-फाइव्ह पत्रक डोळ्यांसमोर आणा. कागद 148 बाय 210 मिलिमीटर. चारही बाजूंनी दुहेरी चौकट, वर कमानीसारखं वळवलेलं शीर्षक, त्याखाली मोठा फोटो, चांदण्या लावलेले चार विषय, लाल लंबगोलात तारीख, पिवळ्या फटाक्यात शुल्क, चौकटीला चिकटलेला पत्ता आणि दोन ठिकाणी तोच फोन नंबर. सगळ्या ओळी मधोमध. नवशिक्या हातातून असं पत्रक हमखास बाहेर पडतं, आणि ते पाहून पहिला सल्ला मिळतो तो मजकूर कापण्याचा. पण यातला आवश्यक मजकूर मोजला तर जेमतेम बारा ओळी भरतो. एवढ्या मजकुराला हा कागद मुळीच अपुरा नाही. पट्टी घेऊन दोन ओळींमधली, फोटो आणि मजकुरामधली अंतरं मोजली, तर कुठे 3, कुठे 7, कुठे 11 मिलिमीटर निघतात, आणि त्यामागे काही कारण सापडत नाही. गिचमिड वाटते ती या विनाकारण बदलणाऱ्या मापांमुळे. ती दूर करण्याच्या वाटेत चार गैरसमज आडवे येतात.

गैरसमज : सगळं मधोमध घेतलं की नीटनेटकं दिसतं

वस्तुस्थिती : मधोमध घेतलेल्या ओळींचा अक्ष कागदावर दिसत नाही, दिसतात त्या ओळींच्या सुरुवाती. प्रत्येक ओळीची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकीची सुरुवातही वेगळ्या जागी. प्रत्येक ओळ जिथे सुरू होते तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारून पाहिली, तर आपल्या पत्रकावर बारा ओळींना जवळपास बारा रेघा पडतात. नजर एक ओळ संपवून परतते तेव्हा पुढची ओळ कुठे सुरू होते हे तिला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. उपाय असा : डाव्या कडेपासून 12 मिलिमीटरवर एक उभी रेघ आखायची आणि शीर्षक, फोटो, विषय, सगळं तिथून सुरू करायचं. ‘दिनांक’, ‘वेळ’, ‘शुल्क’, ‘स्थळ’, ‘संपर्क’ ही लेबलंही त्याच रेघेवर. त्यांच्यासमोरची माहिती मात्र 40 मिलिमीटरवरच्या दुसऱ्या रेघेवर. बाराच्या दोन झाल्या. यावर आक्षेप येतो की लग्नपत्रिका मधोमधच असते आणि ती छान दिसते. आक्षेप खरा आहे. यान चिखोल्ड या टायपोग्राफरने 1928 साली मधोमध मांडणीविरुद्ध पुस्तकच लिहिलं, आणि पुढे पेंग्विनच्या पुस्तकांसाठी काम करताना त्यानेच ती मांडणी सढळपणे वापरली. पण पत्रिका आपण वरून खाली सावकाश, क्रमाने वाचतो. शिबिराच्या पत्रकात मात्र पालक तारीख आणि शुल्क हुडकत असतो, आणि हुडकणाऱ्याला सरळ कड लागते.

गैरसमज : सगळीकडे सारखं अंतर ठेवलं की शिस्त आली

वस्तुस्थिती : सारखी अंतरं दिसायला व्यवस्थित असतात, पण त्यांतून काहीच कळत नाही. माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 साली साध्या ठिपक्यांच्या रांगांवरून दाखवलं की जवळजवळचे ठिपके डोळा आपोआप एका गटात धरतो. पत्रकात हेच घडतं. ‘काय शिकाल’ हे उपशीर्षक वरच्या फोटोपासून 8 आणि खालच्या विषयांपासूनही 8 मिलिमीटरवर असेल, तर ते कोणाचं, हे डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून आधी मजकुराचे गट पाडायचे : शीर्षक आणि उपशीर्षक, फोटो, विषय, दिनांक-वेळ-शुल्क, स्थळ आणि संपर्क. मग 4 मिलिमीटर हे एकक धरायचं. गटाच्या आत शीर्षक आणि त्याच्याखालचा मजकूर यांत एक एकक, म्हणजे 4. दोन गटांमध्ये तीन एककं, म्हणजे 12. कागदाच्या कडेचा समासही 12. बस, दोनच मापं, पुन्हापुन्हा वापरायची. एकक 5 घेतलं तरी हरकत नाही. गटाबाहेरचं अंतर आतल्याच्या निदान दुप्पट हवं, नाहीतर गट सुटे दिसत नाहीत.

गैरसमज : मोकळी जागा म्हणजे छपाईचे पैसे वाया

वस्तुस्थिती : हिशोबच मांडू. वरखालचे समास वजा करता उंची उरते 186 मिलिमीटर. पाच गटांमधली चार अंतरं 48 खातात. उरले 138. शीर्षकाच्या गटाला 24, फोटोला 40, उपशीर्षकासह विषयांना 39, दिनांक-वेळ-शुल्काला 21, पत्ता आणि फोनला 14. सगळं बसलं, आणि कामाचा एकही शब्द गेला नाही. गेलं ते चौकट, चांदण्या, फटाका, लंबगोल आणि दुसऱ्यांदा छापलेला फोन नंबर. फोटोही लहान झाला. मोकळ्या जागेने इथे चौकटीचंच काम केलं, तेही शाई न लावता. समासाला आणखी एक कारण आहे : छापल्यावर गठ्ठा कापताना पातं किंचित सरकतं, म्हणून कडेला चिकटलेला पत्ता कापला जाण्याची भीती असते. कोणी म्हणेल, किराणा दुकानाची सेलची पत्रकं तर गच्च भरलेली असतात आणि तरी चालतात. चालतात, पण त्यांतली चांगली पत्रकं नीट पाहिली तर चित्र, नाव आणि किंमत यांचा एकच चौकोन त्याच अंतराने वीस वेळा आलेला दिसतो. तिथे माल दाट असतो, मापं मोजकीच असतात. अर्थात याला मर्यादा आहे. बाराऐवजी तीस ओळी आल्या आणि अक्षर वाचता येणार नाही इतकं बारीक करावं लागलं, तर मात्र मजकूर कापायचा किंवा पाठची बाजू वापरायची.

गैरसमज : सॉफ्टवेअरमधला आकडा बरोबर, म्हणजे अंतर बरोबर

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअर बहुधा मजकुराच्या पेटीपासून मोजतं, डोळा अक्षरापासून मोजतो. पेटीच्या आत वर वेलांटी आणि मात्रांसाठी, खाली उकारांसाठी जागा राखलेली असते, आणि ती फॉन्टगणिक बदलते. त्यामुळे पेटीपासून 4 मिलिमीटर ठेवलेलं अंतर कागदावर 6 वाटू शकतं. देवनागरीत नजर शिरोरेषेवर ठरते. म्हणून मजकुरावरचं अंतर शिरोरेषेपासून आणि खालचं अक्षराच्या पायापासून मोजावं, आणि फोटोच्या शेजारी मजकूर असेल तर फोटोची वरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळवावी. ओळींमधलं अंतरही रोमन लिपीच्या हिशोबाने ठेवलेलं पुरत नाही, वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. आपल्या पत्रकात 13 पॉइंटच्या अक्षराला 20 पॉइंटची ओळ धरली आहे, म्हणजे साधारण 7 मिलिमीटर. विषयांच्या चार ओळींना 28, वर उपशीर्षकाची ओळ 7 आणि एक एकक 4, असे ते 39 झाले.

आकड्यांनी सुरुवात होते; शेवटची खात्री कागदावरच करावी लागते. पत्रक खऱ्या मापात छापून उलटं धरावं. शब्द वाचता येत नाहीत, फक्त आकार दिसतात. पाच ठोकळे सुटे दिसले आणि डावी कड एक सरळ रेघ वाटली, तर काम झालं. सहावा ठोकळा दिसला, तर कुठलं तरी 4 चुकून 12 झालंय.