सोललेले उकडलेले अंडे किती काळ टिकते?

कडक उकडलेले अंडे, सोललेले असो वा टरफलासह, उकडल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला झाकणबंद डब्यात ठेवल्यास सात दिवसांपर्यंत खाण्यास सुरक्षित मानले जाते. मात्र सोललेले अंडे लवकर सुकत असल्याने व त्याला इतर पदार्थांचा वास लागत असल्याने ते आधी संपवणे इष्ट ठरते.

जेवणाच्या डब्याचे गणित वेगळे आहे. बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा फ्रिजबाहेर ठेवण्याची दोन तासांची मर्यादा एका तासावर येते, आणि पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, शेगाव, खामगाव या भागांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडत असल्याने, सकाळी सात वाजता सोलून भरलेले अंडे दुपारच्या सुटीपर्यंत ही मर्यादा केव्हाच ओलांडते. सोलताना हातांवरून ‘स्टॅफिलोकोकस’ हे जिवाणू पांढऱ्या बलकावर येऊ शकतात, उबेत वाढून विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. शिवाय अशा अंड्याला वास किंवा बुळबुळीतपणा असेलच असे नाही, म्हणून हुंगून केलेली पारख येथे पुरेशी नसते. अशा डब्यात गोठवलेली बर्फाची पिशवी ठेवणे आवश्यक असते.