फ्लेक्सवरच्या चेहऱ्याला किती पिक्सेल लागतात?

श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो आला की फाइल किती एमबीची आहे हे मी पाहत नाही. छातीपर्यंतचा भाग कापल्यावर हाताशी किती पिक्सेल उरतात, ते मोजतो. आजोबांचा अंगणातला उभा फोटो नातवाने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, 1200 बाय 1600 पिक्सेलचा. "दादा, एचडी आहे," असं तो म्हणाला. पण छातीपर्यंत कापल्यावर उरले 600 बाय 800. बॅनर सहा बाय आठ फुटांचा. आठ फूट म्हणजे 96 इंच, म्हणजे दर इंचाला जेमतेम आठ पिक्सेल.

हे पुरेल का, ते अंतरावर ठरतं. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. त्यावरून हिशेब सोपा होतो: 3440 ला अंतराच्या इंचांनी भागायचं. चौकात वीस फुटांवरून, म्हणजे 240 इंचांवरून पाहणाऱ्याला दर इंचाला 14 पिक्सेल पुरतात. त्याहून जास्त दिले तरी त्याच्या डोळ्याला ते कळत नाहीत. पण फुलं वाहायला माणसं दहा फुटांवर आली, तर गरज दुप्पट होते. म्हणून बॅनर कुठे लागणार, हा माझा पहिला प्रश्न असतो. दर इंचाला 300 चा आग्रह हातात धरायच्या छपाईसाठी ठीक आहे. इथे त्याने फाइल अब्जावधी बाइटची होते आणि दिसण्यात काही फरक पडत नाही.

आठ पिक्सेल मात्र वीस फुटांवरही कमी पडतात. शिवाय जेपीजी फोटो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबला जातो. इथे असा एक चौकोन जवळजवळ एक इंचाचा होतो, आणि गालावर फरशी बसवल्यासारखा दिसतो. फोटोशॉपमध्ये फोटो वाढवला तर कडा मऊ होतात, पण डोळ्यांतली हरवलेली चमक परत येत नाही.

हे छापण्याआधीच पाहता येतं. बॅनरवर डोळा जेवढा रुंद येणार, तेवढाच स्क्रीनवर मोठा करायचा आणि बॅनर जेवढ्या लांबून पाहिला जाणार, दुकानाबाहेर तेवढ्या अंतरावर जाऊन पाहायचं. मी नातवालाही बाहेर उभं केलं. तिथून त्याला चौकोन दिसले.

मग मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. तो 3000 बाय 4000 चा निघाला. कापल्यावर 1500 बाय 2000, म्हणजे दर इंचाला एकवीसच्या आसपास. चौदा फुटांवरून हा चेहरा नीट दिसतो, म्हणून माणसांना बॅनरच्या त्याहून जवळ येऊ देऊ नका, असं सांगितलं.

मूळ फोटो मिळालाच नसता, तर आजोबांना तीन बाय चार फुटांतच बसवलं असतं. तेवढ्याच 600 पिक्सेलमध्ये दर इंचाला सोळा-सतरा मिळतात. उरलेल्या जागेत नाव आणि तारखा घ्यायच्या. व्हेक्टर अक्षरं कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत.