रविवारी कोरडं, रोज ओलं

आठवड्याचा स्वयंपाक एकदाच करून डबे भरून ठेवायचे, ही युक्ती ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांच्यासाठी. पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींच्या खोलीत चार कॉट, चार टेबलं आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढंच असतं. फार तर खिडकीशी एक इंडक्शन शेगडी. तिथे रविवारी केलेली आमटी सोमवारी दुपारीच फसफसते. म्हणून अशा खोलीत आठवड्याचं अन्न शिजवून ठेवू नये. ज्यात पाणी नाही तेवढंच रविवारी करून ठेवावं, आणि पाणी लागणारा भाग रोज ताजा करावा. कोरडं काम आधी झालेलं असलं की रोजचा स्वयंपाक वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो.

सुरुवात शेगडीपासून करू, कारण निम्मी फसगत तिथे होते. आधी हॉस्टेलच्या रेक्टरला किंवा घरमालकाला विचारा. बऱ्याच वसतिगृहांत शेगडीला बंदी असते, आणि जुन्या वाड्यांचं वायरिंग पाहिलं तर ती बंदी अगदीच जाचक वाटत नाही. २००० वॅटच्या शेगडीला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज लागते. मोबाइल चार्जरचा साधा प्लग असतो ६ अँपिअरचा. जाड पिनेला कन्व्हर्टर लावून ती तिथे खुपसली की प्लग तापतो, मग प्लास्टिक जळल्याचा वास येतो. साध्या प्लगवर भागवायचं असेल तर १२०० वॅटची शेगडी घ्यावी, ती सव्वापाच अँपिअरमध्ये चालते. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र वापरू नये. स्वयंपाक झाल्यावर बटण बंद करून प्लगला हात लावून पाहावा. कोमट असला तर ठीक, चटका बसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

भांडी दोनच घ्यायची. इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर आणि जाड बुडाची सपाट कढई. दुकानात जाताना फ्रीजवर लावतात तसलं एखादं लोहचुंबक खिशात ठेवा. ते बुडाला घट्ट चिकटलं तरच भांडं चालणार. घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर इथे निरुपयोगी, आणि सगळं स्टीलही चालतंच असं नाही. फोडणीचं पळं लोखंडाचं असलं तरी बहुधा चालत नाही, कारण बूड इतकं लहान असतं की शेगडीला वर भांडं आहे हेच कळत नाही. ती नुसती टुंग टुंग करते आणि बंद पडते. वरून फोडणी देण्याची सोयच उरत नाही, आणि रविवारच्या कामाची आखणी बरीचशी या एका अडचणीवरून ठरते.

रविवारी कढई एकदाच घासायची आहे, म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी कोरडं, मग तेलाचं. पहिल्यांदा पाव किलो शेंगदाणे ६०० वॅटवर भाजायला घ्या. इंडक्शनची उष्णता कॉइलच्या वर, बुडाशी वर्तुळाकार येते. त्यामुळे पातळ कढईत त्या वर्तुळावरचे दाणे काळे होतात आणि कडेचे कच्चे राहतात. हात चालू ठेवावा लागतो. पंधरा मिनिटांत सालं सुटू लागली की उतरवायचे. मिक्सर नसेल तर गार झालेले दाणे जाड पिशवीत घालून पाण्याच्या स्टीलच्या बाटलीने लाटावेत. कूट जाडसर होतं, पण खिचडीत तेच बरं लागतं. त्याच कढईत किसलेलं सुकं खोबरं बदामी करायचं आणि लसणाच्या पाकळ्या कोरड्या होईस्तोवर परतायच्या. तिखट-मीठ घालून खलबत्त्यात कुटलं की आठवड्याची चटणी झाली. मग अर्धा किलो रवा मंद आचेवर भाजायचा. रंग फार बदलू द्यायचा नाही. खमंग वास आला आणि रवा उलथन्यावरून वाळूसारखा सुटा घसरू लागला की काढून ठेवायचा.

आता तेल. दीड वाटी तेलात अर्धा किलो कांदा अगदी पातळ चिरून तळायचा. आधी १००० वॅट, रंग धरू लागला की ६००. हवा त्यापेक्षा एक छटा फिकट असतानाच काढा, कारण बाहेर आल्यावरही तो गडद होत राहतो. कागदावर पसरून गार झाला की बोटांत चुरून पाहायचा. कुरकुरीत तुटला तर डब्यात आठवडाभर राहतो. लवचीक लागला तर आत पाणी उरलंय, तो दोन दिवसांत संपवावा.

उरलेलं तेल गाळून पुन्हा कढईत घ्या आणि त्यातच आठवड्याची फोडणी करून ठेवा. मोहरी तडतडली की शेगडी बंद. मग जिरं, हिंग आणि शेवटी हळद. इंडक्शनवर तेल इतक्या झपाट्याने तापतं की गॅसच्या सवयीने थांबलात तर हळद जळून काळी पडते. ८०० वॅटच्या वर जाऊच नये. ही फोडणी गार करून कोरड्या काचेच्या बरणीत भरायची. तिच्यात लसूण किंवा ओली मिरची घालायची नाही. ओलसर लसूण तेलात बुडून बाहेर राहिला तर त्यात विषारी जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाही. कांदा-टोमॅटोचं परतलेलं वाटण करून ठेवायचा मोहही याच कारणाने आवरावा. तेल सुटलेलं दिसलं तरी आत पाणी असतंच. रश्शाला रंग आणि तिखटपणा द्यायला बाजारचा कांदा-लसूण मसाला आहे, आंबटपणाला आमसूल आणि चिंच आहे.

कढईच्या बुडाला राहिलेल्या तेलात चार चमचे फोडणी आणि कढीपत्ता घालायचा. पानं वाजतील इतकी कुरकुरीत झाली की भाजलेला रवा आणि मीठ घालून पाच मिनिटं परतायचं. उपम्याचं पीठ तयार. सकाळी एक वाटी पिठाला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. अर्धा किलोत चार-पाच न्याहाऱ्या निघतात.

शेवटचं काम पुड्यांचं. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ एका पिशवीत. हळद, गोडा मसाला, तिखट, मीठ आणि चिमूटभर तळलेला कांदा वेगळ्या कागदाच्या पुडीत, आणि ती पुडी त्याच पिशवीत. मसाला वेगळा ठेवायचा, कारण डाळ-तांदूळ धुवायचे असतात. तीन पुड्या खिचडीच्या आणि दोन वरण-भाताच्या केल्या की आठवड्याला पुरतं. हे सगळं व्हायला दोन तास लागतात.

आता आठवडा लावून पाहू. समजा, विद्यार्थिनी सकाळी नऊला अभ्यासिकेत जाते आणि रात्री आठला परत येते. सोमवारी सकाळी उपमा. दुपारच्या डब्यात पोळीभाजी केंद्रातून घेतलेल्या दोन पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या आणि चटणी. पोळ्या खोलीवर करता येतात, पण एकटीसाठी कणीक मळून लाटत बसण्यात जो तास जातो तो मला तरी परवडणारा वाटत नाही. रात्री खिचडी: कुकरमध्ये दोन चमचे तयार फोडणी, धुतलेले डाळ-तांदूळ, पुडीतला मसाला, तीन वाट्या पाणी. १२०० वॅटवर पहिली शिट्टी झाली की ६०० करून सहा-सात मिनिटं. इथे शिट्ट्या मोजून उपयोग नाही. कमी वॅटवर बरीच इंडक्शन थांबून थांबून तापवतात, त्यामुळे शिट्टी कधी लवकर येते, कधी येतच नाही. घड्याळ लावावं.

सोमवारी सकाळी निघताना वाटीभर मटकी भिजत घातली होती. रात्री ती उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात मंगळवारी रात्री मोड आलेले असतात, थंडीत बुधवार उजाडतो. ती एकाच वेळी संपवायची. हाताला बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावी. मंगळवारी सकाळी पोहे, रात्री मटकीची उसळ आणि भात. बुधवारी पोळीबरोबर अंड्याची पोळी, रात्री पिठलं-भात. पिठल्याला आधीची काहीच तयारी लागत नाही, बरणीतली फोडणी, तळलेला कांदा, तीन चमचे बेसन आणि दहा मिनिटं पुरतात. गुरुवारी वरण-भात: तळाला डाळ, वर डब्यात तांदूळ, पहिल्या शिट्टीनंतर दहा मिनिटं. यात तूरडाळ वापरली असेल तर पिशवीतली डाळ आल्याआल्या अर्धा तास भिजवून ठेवा. हिरवी भाजी आठवड्याची आणायचीच नाही. संध्याकाळी येताना पाव किलो कोबी किंवा वांगी घ्यावीत, तीही दुसऱ्या सकाळच्या डब्यापुरती.

भात रात्रीच का, आणि डब्यात का नाही? कच्च्या तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून ‘फोडणी दिली की झालं’ हे खरं नाही. घरी आजीने शिळ्या भाताचा फोडणीचा भात घातला आणि कुणाला काही झालं नाही, हे मान्य. पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत रात्रभर राहिलेला भात ही वेगळी गोष्ट. शिजवलेलं अन्न दोन तासांत संपवावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. तेव्हा तांदूळ अर्धीच वाटी घ्या, भूक उरली तर वरून केळं खा. डब्यात नेहमी पोळी आणि कोरडी भाजी. रस्सा किंवा दही कालवून नेऊ नये.

खर्चाचं म्हणाल, तर तांदूळ एक किलो, डाळी आणि मटकी मिळून एक किलोच्या आत, पोहे-रवा एक किलो, तेल पाव लिटरच्या वर थोडं, कांदे-बटाटे दोन किलो, दहा अंडी, दाणे, थोडी भाजी आणि चौदा विकतच्या पोळ्या धरून पुण्यातल्या भावाने आठवड्याला साधारण सातशे रुपये होतात. कांदा भडकला की वीस-तीस इकडेतिकडे. यात सगळ्यात महाग पडतात त्या पोळ्याच. वीज दिवसाला एक युनिटच्या आसपास, आणि मालक स्वतंत्र मीटर लावून जास्त दर घेत असेल तर तो आधी विचारून घ्यावा.

पावसाळ्यात हेच गणित थोडं बदलतं. रव्याला गुठळ्या दिसल्या, तळलेला कांदा मऊ पडला, कूट बोटांना चिकटू लागलं की डब्याचं झाकण सैल आहे किंवा चमचा ओला गेला आहे. जून ते सप्टेंबर निम्म्याच मापाने करावं आणि बुधवारी रात्री अर्ध्या तासाची दुसरी फेरी घालावी. कढई तापलेली असतेच, पिठल्याच्या आधी दाणे भाजून घ्यायचे.