सूर्यरास, चंद्ररास आणि लग्न

ॲपमध्ये जन्मतारीख टाकली की उत्तर येतं ‘सिंह’. आजी मात्र पत्रिका बघून सांगते, ‘मकर’. मग कुणाचं तरी चुकलंय असं वाटतं. खरं तर दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीचा जन्म २६ जुलै २०१० रोजी सकाळी सात वाजता पुण्यात झाला. ज्योतिषात आकाशाचा पट्टा तीस-तीस अंशांच्या बारा राशींत वाटलेला असतो. जन्माच्या क्षणी सूर्य ज्या राशीत असतो ती सूर्यरास. सूर्य एका राशीत सुमारे महिनाभर राहतो, म्हणून ती नुसत्या तारखेवरून सांगता येते आणि मासिकांच्या भविष्यात किंवा इन्स्टाग्रामवर बहुधा तीच वापरतात. ज्योतिषी तिच्यावरून माणसाचा स्वभाव, अहंभाव, वडिलांशी असलेलं नातं वाचतात.

चंद्र फार घाईचा. सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो. त्यामुळे त्याने रास बदलली त्या दिवशी जन्म झाला असेल, तर वेळही लागते. आपल्याकडे ‘तुझी रास कोणती?’ असं विचारतात तेव्हा ही चंद्ररासच अभिप्रेत असते. मन, भावना, आई या गोष्टी तिच्याकडे सोपवलेल्या आहेत.

तिसरं लग्न. इथे वरात वगैरे काही नाही. जन्मवेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत होती, ती लग्नरास. ज्योतिषी तिच्यावरून शरीरयष्टी आणि माणूस इतरांना प्रथमदर्शनी कसा दिसतो ते सांगतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून साधारण दर दोन तासांनी लग्न बदलतं. आपली ही मुलगी सातऐवजी साडेआठला जन्मली असती, तर सूर्य-चंद्राच्या राशी त्याच राहिल्या असत्या, पण लग्न कर्केऐवजी सिंह झालं असतं. जन्मगावही लागतं, कारण नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. दवाखान्याच्या कागदावर ‘अंदाजे सात’ असं लिहिलेलं असेल, तर लग्नाबद्दल छातीठोकपणे कुणी बोलू नये.

आता ‘सिंह’ कुठून आला ते बघू. जुलैच्या त्या तारखेला पाश्चात्त्य पद्धतीने सूर्य सिंहेत आहे, तर आपल्या पंचांगाप्रमाणे कर्केत. पाश्चात्त्य पद्धत वसंतात दिवस-रात्र समान होतात तिथून मेष मोजायला लागते. आपली निरयन पद्धत ताऱ्यांना धरून चालते. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे डुलतो, त्यामुळे या दोन आरंभबिंदूंमध्ये बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश या गतीने अंतर पडत गेलं आणि आज ते चोवीस अंशांच्या आसपास आहे. म्हणूनच पाश्चात्त्यांचा सूर्य डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास मकरेत जातो आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला. महिन्याच्या साधारण १५ ते २० तारखांना जन्मलेल्यांची सूर्यरास मात्र बहुधा दोन्हीकडे एकच निघते.

या मुलीची पत्रिका समोर धरली, तर चौकोनात वरच्या मधल्या घरात ४ हा आकडा दिसेल. चौथी रास कर्क, म्हणजे कर्क लग्न. त्याच घरात ‘र’, म्हणजे रवी. समोर, खालच्या मधल्या घरात १० आणि ‘चं’, म्हणजे मकरेचा चंद्र. यावरून पत्रिकाही तपासता येते. सूर्योदयाच्या सुमारास जन्म असेल, तर रवी लग्नाच्या घरात किंवा फार तर शेजारी हवा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर येतो, अमावास्येचा त्याच्या जवळ. ही मुलगी आषाढी पौर्णिमा सरता सरता जन्मली, म्हणून दोघं समोरासमोर आहेत. असं जुळलं नाही, तर वेळ किंवा तारीख टाकताना चूक झाली असणार. सकाळचे सात संध्याकाळचे होणं तर अगदी नेहमीचं.

इथपर्यंतचं सगळं खगोलगणित आहे आणि ते पक्कं आहे. मकरेचा चंद्र असला की माणूस अबोल असतो, हे मात्र गणितातून निघत नाही. ती परंपरेने लावलेली जोड आहे. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती तपासून पाहिली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या चाळीस दिल्या आणि पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं, तरी निम्मी बरोबर आली असती.