फोनच्या वतीने ‘हो’ म्हणणारा चार्जर

स्टेशनावरच्या खांबाला किंवा कॅफेच्या टेबलाला बसवलेला यूएसबी पोर्ट दिसतो चार्जरसारखा, पण तो चार्जर असेलच असं नाही. नेहमीच्या चपट्या चौकोनी यूएसबीत मुख्यतः धातूच्या चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन पट्ट्यांतून पाच व्होल्टची वीज येते आणि मधल्या दोन माहितीची ने-आण करण्यासाठी असतात. घरच्या चार्जरला या मधल्या पट्ट्यांचं काम फार थोडं. आपण किती वीज देऊ शकतो एवढं फोनला कळवलं की झालं. पण संगणकाला फोन जोडून फोटो उतरवून घेता येतात ते याच वाटेने. सार्वजनिक पोर्टच्या मागे नक्की काय बसवलं आहे हे आपल्याला दिसत नाही. तिथे चार्जरऐवजी तळहाताएवढा संगणक असला, तरी फोन नेहमीसारखा चार्ज होत राहील.

ही शंका जाहीरपणे तपासली गेली ती २०११ साली, लास व्हेगासच्या डेफकॉन या संमेलनात. सुरक्षा-तज्ज्ञांच्या या मेळ्यात काहींनी फुकट चार्जिंगची टपरी मांडली आणि तीनशेहून जास्त जणांनी तिला फोन जोडले. ज्यांचा धंदाच संशय घेण्याचा, तेही बॅटरी उतरल्यावर संशय विसरतात हे त्यातून दिसलं. टपरीने कोणाचं काही चोरलं नाही, फक्त पडद्यावर इशारा दाखवला. ‘ज्यूस जॅकिंग’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी चार्जरसारखं वागणारं उपकरण बनवून आयफोनमध्ये मिनिटभराच्या आत घातक अ‍ॅप घालून दाखवलं.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा साधा होता: मालकाला विचारायचं. २०१३ पासून आयफोन नव्या संगणकाला जोडला की `Trust This Computer?` असं विचारू लागला. अँड्रॉइडने २०१५ मध्ये, सहाव्या आवृत्तीपासून, यूएसबी जोडल्यावर आधी फक्त चार्जिंग करायचं आणि फायली द्यायच्या तर मालकाने तसं निवडायचं, अशी पद्धत घातली. चार्जरने असा प्रश्न पडद्यावर आणला तर शहाणा माणूस नकार देईल, म्हणजे प्रश्न मिटला, असं पुढची दहाएक वर्षं मानलं गेलं.

या व्यवस्थेतलं भोक २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. फोनला यूएसबीवरून संगणक जोडता येतो तसा कीबोर्डही जोडता येतो, आणि कीबोर्ड जोडताना फोन सहसा काही विचारत नाही. मात्र कीबोर्ड जोडलेला असताना फोन स्वतः यजमान असतो आणि संगणक जोडला की संगणक यजमान होतो. दोन्ही भूमिका एकाच तारेवर एकाच वेळी चालत नाहीत. म्हणून प्रश्न उभा करणारं उपकरण स्वतःच त्याचं उत्तर दाबू शकणार नाही, हे सुरक्षेमागचं गृहीतक होतं.

ग्राझच्या चार्जरने ते एक वळसा घेऊन मोडलं. जोडल्याबरोबर तो फोनला सांगतो की मी कीबोर्ड आहे. मग कळा दाबल्याचे संदेश पाठवून तो सेटिंग्ज उघडतो, ब्लूटूथ चालू करतो आणि चार्जरच्याच पोटात लपवलेला ब्लूटूथ कीबोर्ड फोनशी जोडून घेतो. हे झालं की तारेवर तो भूमिका बदलतो. ही अदलाबदल यूएसबीच्या नियमांना धरूनच असते, त्यामुळे फोनला त्यात वावगं वाटत नाही. आता चार्जर संगणक झालेला असतो. फोन विचारतो, या संगणकाला माहिती द्यायची का? ब्लूटूथवरून कीबोर्ड ‘हो’ दाबतो. मालकाचा हात कुठेही लागलेला नसतो. हा सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपू शकतो.

पडद्यावर हे घडताना दिसेल की, असं वाटेल. संशोधकांनी त्याचाही विचार केला होता. फोन किती वीज खेचतो आहे त्यातल्या चढउतारांवरून मालकाचं लक्ष पडद्यावर नसण्याचा क्षण ओळखता येतो, आणि चार्जर तोवर गप्प राहतो. आठ कंपन्यांचे जेवढे फोन त्यांनी तपासले, त्या सगळ्यांतून फोटो किंवा कागदपत्रांपर्यंत पोचता आलं. बहुतेकांसाठी फोन अनलॉक असावा लागला, पण दोन कंपन्यांच्या बाबतीत लॉक असलेल्या फोनमधूनही फायली निघाल्या.

अ‍ॅपलने आयओएस १८.४ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइड १५ मध्ये यावर उपाय केला. आता नुसतं ‘हो’ पुरत नाही, पासकोड किंवा बोटाचा ठसा द्यावा लागतो, आणि तो चार्जरकडे नसतो. पण प्रत्येक अँड्रॉइड कंपनी आपापली फेरफार केलेली प्रणाली वापरते, त्यामुळे गूगलने केलेली दुरुस्ती तुमच्या फोनमध्ये आलीच असेल असं नाही. ज्या फोनची अपडेट्स कंपनीने थांबवली आहेत, त्यात ती येणारही नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने २०१९ मध्ये याबद्दल मोठा इशारा दिला, पण पत्रकारांनी विचारल्यावर त्यांच्याकडे अशी एकही नोंदलेली केस निघाली नाही. एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने २०२३ मध्ये तसंच बजावलं. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सावधगिरीच्या पुस्तिकेतही हा प्रकार आहे. धोका प्रयोगशाळेत सिद्ध झालेला आहे, बाजारात मात्र चोराला ओटीपी विचारणारा एक फोन करणं कितीतरी स्वस्त पडतं. म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण टाळणं इतकं सोपं आहे की न टाळण्याचंही कारण नाही.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आणि स्वतःची केबल. भिंतीतल्या किंवा रेल्वेच्या डब्यातल्या पिनांच्या सॉकेटमधून फक्त वीज येते. माहिती नेणारी वाट तिथे नसतेच. पॉवरबँकही चालेल, पण ती स्वतःची हवी. कोणी टेबलावर ‘विसरलेली’ केबल वापरू नये, कारण नेहमीच्या जाडीच्या केबलच्या टोकात मावणारे छुपे कीबोर्ड विकत मिळतात. माहितीच्या पट्ट्या तोडलेले छोटे डेटा ब्लॉकरही मिळतात. त्यांचा तोटा असा की अनेकदा जलद चार्जिंग बंद पडतं, आणि स्वस्तातला ब्लॉकर आत खरंच काही तोडतो का, हे बाहेरून कळत नाही. तेवढ्या पैशांत थोडी भर घालून अ‍ॅडॉप्टर घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

नाइलाजाने सार्वजनिक पोर्ट वापरलाच, तर फोन आधी लॉक करावा आणि तार काढेपर्यंत उघडू नये. चार्जिंगला लावून रील पाहत बसणं, नेमकं तेच या हल्ल्याला हवं असतं. जोडल्यावर विश्वासाबद्दल किंवा `Allow USB debugging?` असा प्रश्न आला, ‘कीबोर्ड जोडला’ अशी सूचना चमकली, किंवा टाइप करायला गेल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड उघडलाच नाही, तर तार ताबडतोब उपटावी. मग ब्लूटूथच्या यादीत अनोळखी उपकरण दिसतं का ते पाहून ते काढून टाकावं. आयफोनवर Reset Location & Privacy केलं की पूर्वी विश्वास ठेवलेले सगळे संगणक विसरले जातात. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्स कधी चालू केले असतील तर तिथे Revoke USB debugging authorizations हा पर्याय आहे. आणि डिबगिंग हा शब्द ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या फोनमध्ये ते चालू असायचं काहीच काम नाही. कोणा दुरुस्तीवाल्याने चालू करून ठेवलं असेल तर आजच बंद करावं.